अनुभव धागा: सोलर विकताना सांगितलेल्या गोष्टी आणि उपमा

मिरजकर: मी चार वर्षं घरांच्या छतावरचं सोलर विकतोय. "तीन किलोवॅट, नेट मीटरिंग" म्हटलं की समोरचा गप्प होतो. म्हणून पासबुकाची उपमा धरली. दिवसा जास्तीची वीज महावितरणकडे जमा, रात्री काढून वापरायची. लगेच कळायचं. मग मे महिन्यात एका काकांचा फोन आला, "लाईट गेलीय आणि तुमचं सोलरही बंद! आमची वीज जमा आहे ना?" चूक माझीच. बॅटरी नसलेलं सोलर लाईट गेली की आपोआप बंद होतं, नाहीतर खांबावर चढलेल्या लाईनमनला आपल्या छतावरच्या विजेचा शॉक बसेल. पासबुकामुळे काकांना वाटलं, वीज कुठेतरी साठवून ठेवलीय. तुम्ही काय सांगता? फसलेलंही लिहा.

नाना_सोलर: माझी उपमा एकच. किलोवॅट म्हणजे नळाची धार, युनिट म्हणजे बादलीत जमलेलं पाणी. त्यापुढे उपमा नाही, बिलं.

एका शिक्षिकाबाईंकडे 3 किलोवॅट बसवलं. त्यांना विचारून वर्षभराची बिलं ठेवून घेतली, नाव आणि ग्राहक क्रमांक झाकून. मी आधी जुलैचं बिल काढतो. ढगाळ महिना, छतावर 210 युनिट झाले, घरात 290 लागले. कमी पडले 80. उन्हाळ्यात जमा झालेले 120 होते, त्यातून 80 वळते झाले, 40 उरले. तरी बिल शून्य नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. तेही बोट ठेवून दाखवतो. वाईट महिना आधी पाहिला की गिऱ्हाईक स्वतःच विचारतं, "मग मेमध्ये किती?" तिथून बोलणं त्याचं होतं.

पण आधी समोरच्याचं बिल बघतो. महिन्याला 90 युनिट वापरणाऱ्याला बाईंची गोष्ट सांगत नाही. 78,000 अनुदान धरूनही त्याचे पैसे लवकर वसूल होणार नाहीत, कारण त्याची वीज मुळातच स्वस्त दरातली.

ऊनवाला: पासबुक वाईट नाही हो. मी तर "मार्चअखेर उरलेल्याचे पैसे मिळतात" असंही जोडतो. त्यावर मोठं सिस्टीम सहज जातं.

नाना_सोलर: मिळतात, पण आपण ज्या दराने वीज घेतो त्या दराने नाही, बऱ्याच कमी दराने. पासबुक म्हटलं की माणूस रुपयाला रुपया धरतो. 31 मार्चनंतर तोच माणूस तुमच्या दारात उभा राहील.

सातारची_सून: मी गिऱ्हाईक आहे, तरी लिहिते. आमच्याकडे आलेल्या मुलाने समोरच्या भावजींची गोष्ट सांगितली. बिल किती उतरलं, सगळं खरं होतं, मी स्वतः जाऊन विचारलं. पण त्यांच्या छतावर सावली नाही आणि आमच्याकडे पाण्याची टाकी दक्षिणेला. दुपारी दोन पॅनेलवर सावली पडली की बाकीच्यांचंही उत्पादन खाली येतं. एकाच पाइपातून पाणी जातंय आणि मध्ये कुणी पाय ठेवला, तसं. हे मला नंतर दुरुस्तीला आलेल्या माणसाने सांगितलं. भावजींची गोष्ट सांगणाऱ्याने आमच्या गच्चीवर एकदा चढून बघायला हवं होतं. शेवटी टाकी सरकवली, तो खर्च आमचा.

बागायतदार: लाईट गेली की बंद, हे काही पटत नाही. आमचा सोलर पंप तर लाईट नसतानाच चालतो! सरकारी योजनेतला, मी फक्त 10 टक्के भरले. एजंटाने कागद दाखवलाच नाही. एवढंच म्हणाला, "रात्री दोनला बॅटरी घेऊन पाणी धरायला जाता ना? ते बंद." बिबट्याचा माग दिसतो आमच्या ऊसात. मी तिथेच हो म्हटलं.

मिरजकर: दादा, तुमचा पंप महावितरणच्या तारेला जोडलेलाच नाही, म्हणून चालतो. घरावरचं जोडलेलं असतं. पण आता कळलं, गावाकडचे लोक मला "पंप चालतो, मग घर का नाही?" असं का विचारतात. एजंटाचं वाक्य मात्र चोख, त्याने पाहिलेल्या रात्रीबद्दल बोलला.

विमा_ताई: मी टर्म विमा विकते. "गाडीची स्टेपनी वापरली नाही म्हणून वाया गेली का?" ही उपमा चालते, पण लोक हसून सोडून देतात. खरी सही होते ती एका वहिनींच्या गोष्टीने. दावा मिळाला, मुलाचं शिक्षण झालं. वहिनींनी सांगायला परवानगी दिली होती. परवा मुलगा भेटला, म्हणाला, "मावशी, बाबांचं असं सगळीकडे सांगू नका." मी थांबवली.

ऊनवाला: नाव न घेता सांगा की.

विमा_ताई: आमचं गाव लहान. नवरा काय करायचा आणि मुलगा कुठे शिकला, एवढ्यावर ओळखतात. ते दोन्ही गाळलं तर गोष्टीत काही उरत नाही.

नाना_सोलर: मी आकडे ठेवतो, माणूस झाकतो. पण विम्यात ते जमेल असं वाटत नाही.