मदत हवी आहे: १५ प्रश्नांच्या चाचणीत गुण कमी, पण काकांचं खरंच बिघडलंय

जुळे_सोलापूर_ताई: आमच्या ज्येष्ठ मंडळात नैराश्याची १५ प्रश्नांची चाचणी घेतली. ज्यांची सगळ्यात काळजी वाटते त्या काकांना ३ गुण. ५ च्या पुढे धोका म्हणतात ना? मुलगा कॅनडात, काकू गेल्या, आणि माणूस जेवण अर्धवट टाकतो. दुसरी चांगली चाचणी सांगा, लवकर.

वीणकर_६२: चाचण्या सोडा. भजनी मंडळात न्या. मी यंत्रमाग बंद झाल्यावर तसाच सावरलो.

नर्सबाई_निवृत्त: प्रश्न कुठे विचारले? शेजारी कोण होतं? कोणत्या भाषेत?

जुळे_सोलापूर_ताई: सभागृहात, बैठकीनंतर. मराठीत. काका घरी तेलुगू बोलतात, पण मराठी येतं त्यांना.

नर्सबाई_निवृत्त: मग चाचणी बदलू नका, जागा बदला. चारचौघांत ‘आयुष्य रिकामं वाटतं’ म्हणणं म्हणजे मुलाला नावं ठेवणं, असं बापाला वाटतं. घरी, एकट्याला, तेलुगू बोलणाऱ्या बाईमाणसाने किंवा गड्याने विचारावं, पण गल्लीतल्या ओळखीच्याने नको. ‘गेल्या आठवड्यात’ हे दरवेळी म्हणा. आणि पाच प्रश्न उलटे आहेत: समाधान, उत्साह, आनंद, जगणं छान वाटणं, अंगात जोम. तिथे ‘नाही’ला गुण द्यायचा.

पुण्याहून_लेक: माझी आई अक्कलकोट रोडला एकटी असते. चांगला वृद्धाश्रम सुचवाल का?

मोबाइल_मित्र: रोज व्हिडिओ कॉल लावून द्या, एकटेपणा संपला.

नर्सबाई_निवृत्त: कॉलने एकटेपणा हलका होतो, नैराश्य तेवढ्याने जात नाही. ऐकू कमी येत असेल तर काका कॉलही टाळतील, म्हणून कान, मोतीबिंदू बघा. थायरॉईड आणि बी-१२ तपासा.

जुळे_सोलापूर_ताई: काल तसंच केलं. ८ गुण आले! आवडीची कामं सोडली, कंटाळा, असहाय वाटणं, सगळ्याला ‘हो’. ‘घराबाहेर जायला नको वाटतं’लाही ‘हो’, पण कारण गुडघे म्हणाले.

नर्सबाई_निवृत्त: तो एक गुण गुडघ्यांचा धरला तरी ७ उरतात. ८ म्हणजे निदान नव्हे, डॉक्टरांकडे नेण्याचं कारण. या १५ प्रश्नांत जीव नकोसा होण्याचा प्रश्नच नाही, तो वेगळा, सरळ विचारा. ‘हो’ म्हणाले तर एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. वाटेत १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावता येतो.

वीणकर_६२: आणि तोवर?

नर्सबाई_निवृत्त: गोव्यात साध्या, प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी वृद्धांसोबत हेच केलं: आठवड्याला भेट, एकच अडचण धरायची, तिचे दोन-तीन उपाय त्यांनीच सुचवायचे, एक करून बघायचा. काकांचं जेवण घ्या. डबा, की शेजारच्या काकांबरोबर ताट? त्यांनाच ठरवू द्या. भजनही चालेल, त्यांनी निवडलं तर.

जुळे_सोलापूर_ताई: ताट म्हणाले. जीव नकोसा होण्याचं विचारलं, ‘तसं काही नाही’ म्हणाले. पण डॉक्टर नको, ‘मुलाला कळेल’ म्हणतात. मुलाला मी सांगू की नको?