पीएफ पासबुक : कंपनीचा वाटा माझ्या निम्मा आणि व्याजही कमी? मदत हवी आहे

सांजवात
माझा बेसिक २०,००० आहे, डीए नाही. पगारातून दरमहा २,४०० कापले जातात. कंपनीही तेवढेच भरते असं एचआर म्हणतं, पण पासबुकात कंपनीच्या रकान्यात फक्त १,१५० आहेत. बाकीचे गेले कुठे?

दुसरं म्हणजे २०२४-२५चं व्याज. १ एप्रिलला माझ्या वाट्याचे बरोबर १,००,००० होते, वर्षभरात २८,८०० भरले. १,२८,८०० वर ८.२५ टक्क्यांनी १०,६२६ होतात, जमा झालेत ९,३३९. घरासाठी पैसे काढायचेत, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

रानवारा
कंपनीच्या १२ टक्क्यांतले ८.३३ पेन्शनला जातात, पीएफला उरतात ३.६७. म्हणजे तुमचे ७३४ च यायला हवेत. उलट जास्तच येतायत!

जुना_पेरोलवाला
रानवारा, पेन्शनला जातात हे बरोबर, पण ते ८.३३ टक्के १५,००० पर्यंतच्या पगारावरच धरतात, म्हणजे १,२५०. उरलेले सगळे पीएफला. २,४०० वजा १,२५०, झाले १,१५०. सांजवात, शेजारचा पेन्शनचा रकाना बघा, तिथे १,२५० असतील. त्या रकान्यावर व्याज मिळत नाही.

आंबेमोहोर
दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरत जा, म्हणजे त्या महिन्याचं व्याज बुडत नाही. मी कायम तसंच करते.

जुना_पेरोलवाला
ताई, ते पीपीएफचं. इथे भरणा कंपनी करते.

व्याज दर महिन्याच्या शिलकेवर मोजतात, पण खात्यात वर्षातून एकदाच टाकतात. एप्रिलमध्ये आलेल्या २,४०० वर व्याज मेपासून, म्हणजे ११ महिने. मेच्या हप्त्यावर १० महिने, असं उतरत मार्चच्या हप्त्याला शून्य. सगळे महिने मिळून ६६. २,४०० गुणिले ६६ गुणिले ८.२५ भागिले १,२०० केलं की १,०८९. जुन्या लाखावर ८,२५०. बेरीज ९,३३९. तुम्ही सगळ्याच हप्त्यांवर पूर्ण वर्षाचं व्याज धरलंत.

व्याजाची नोंद उशिरा दिसली तरी ती ३१ मार्चच्या तारखेनेच धरतात. हप्ते मात्र कुठल्या महिन्यात जमा झालेत ते एकदा तपासा.

सांजवात
पेन्शनच्या रकान्यात १,२५० च आहेत! तो रकाना मी कधी बघितलाच नव्हता. हप्तेही दर महिन्याला आलेत. मनापासून आभार.

पाऊलवाट
बायकोची पहिली नोकरी २०१९ची, सुरुवातीपासून बेसिक २२,०००. तिचेही १,२५० पेन्शनला जातात. बरोबर आहे ना?

जुना_पेरोलवाला
नाही. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच सभासद झालेल्याचा पगार १५,००० च्या वर असेल, तर तो पेन्शनमध्ये येत नाही. कंपनीचे सगळे २,६४० पीएफच्या रकान्यात दिसायला हवेत. आधी कुठे थोडे दिवस जरी नोकरी केली असेल आणि तिथे पीएफ कापला असेल, तर गोष्ट वेगळी. तिला विचारा.

पाऊलवाट
शिकत असताना एके ठिकाणी सहा महिने होती. तिथे पीएफ कापायचे का ते तिलाही आठवत नाहीये. जुन्या स्लिपा शोधतो.