मदत हवी आहे: मुलीच्या चष्म्याची फ्रेम वॉरंटीत तुटली

सोलापुरातल्या दुकानदाराला हा मेसेज पाठवतेय. काही राहिलं का, बघा.

"नमस्कार दादा. मुलीचा चष्मा 5 महिन्यांपूर्वी तुमच्याकडून घेतला. बिलावर फ्रेमची 1 वर्षाची वॉरंटी आहे. डावी काडी बिजागरीपाशी तुटली. स्क्रू जागेवर आहे, प्लास्टिकच चिरलंय. काचांवर ओरखडा नाही, म्हणून पडून तुटली असं वाटत नाही. फ्रेम मोफत बदलून द्या. काडीच्या आत 46-16-125 छापलंय. तेच मॉडेल, तोच साइज द्या, म्हणजे जुन्याच काचा बसतील. बिल, फोटो सोबत."

ते मॉडेल बंद झालं असेल तर दुसऱ्या आकारात या काचा बसणार नाहीत. नव्या काचांचा खर्चही त्यांनीच करावा, हे आत्ताच लिहू का? तुटका भाग चिकटवलेला नाही, जसाच्या तसा ठेवलाय.