विषय: भाच्याची मुंज – संध्येचा संच चांदीचा घ्यावा की तांब्याचा?

मिलिंद:
मंडळी, दीपाच्या मुलाची मुंज पंधरा दिवसांवर आली. भिकबाळीचा वाद मागे झाला आहे, तो परत नको. मामाकडून संध्येचा संच द्यायचा, एवढं नक्की. सराफ्यात चांदीचा संच पाहिला. देखणा आहे, पण पळीची दांडी बोटाने वाकते. कसेरा बाजारात तांब्याचा मिळतो. आई म्हणते, मामाकडून चांदीच हवी. मला हवंय ते मुलाने रोज वापरावं. ताम्हन केवढं घेऊ?

सुनंदाकाकू:
मिलिंद, धातू नंतर बघू, आधी माप बघ. दुकानातल्या तयार संचात ताम्हन बहुधा सहा इंची आणि अर्धा इंच उतरत्या काठाचं असतं. त्यात साधारण दीडशे मिलीलीटर पाणी मावतं. आता हिशेब कर. सकाळची तीन अर्घ्यं ओंजळीने द्यायची. आठ वर्षांच्या मुलाच्या ओंजळीत चाळीसेक मिली धर, म्हणजे एकशे वीस झाले. दोन आचमनं, हात धुणं आणि संकल्पाचं उदक मिळून आणखी साठ. वेळ टळली तर प्रायश्चित्ताचं चौथं अर्घ्य. म्हणजे पाणी दोनशेच्या वर जातं आणि ताम्हन शेवटच्या अर्घ्याआधीच ओसंडतं. शिवाय सकाळी अर्घ्य उभं राहून देतात, त्यामुळे उथळ ताम्हनातून पाणी उडून सोवळं भिजतं. चार दिवस असं झालं की मुलगा संध्येचा कंटाळा करतो.

म्हणून आठ इंची, निदान सव्वा इंच उभ्या काठाचं घे. दुकानातच पाव लिटर पाणी ओतून उचलून बघ. तळ डुगडुगायला नको. पंचपात्रीही पाव लिटरची असू दे, नाहीतर अर्घ्यासाठी वेगळा तांब्या लागतो. पळी मात्र लहानच हवी. आचमनाचं पाणी उडीद बुडेल एवढंच सांगितलं आहे. मोठ्या पळीने मूल घोट घेतं आणि मनगटावरून पाणी ओघळतं.

प्रशांत:
तांबंच घ्या. रात्रभर पंचपात्रीत पाणी भरून ठेवायचं, सकाळी तेच आचमनाला. आरोग्यालाही चांगलं म्हणतात. आणि नवीन तांबं लिंबाने घासलं की झालं.

विद्या:
मिलिंदभाऊ, सामूहिक मुंजीच्या यादीत भाच्याचं नाव घालायचं आहे का? ती यादी माझ्याकडे आहे, गेल्या वेळसारखं परस्पर कुणाला सांगू नका.

मिलिंद:
विद्याताई, मुंज घरीच आहे. नावाचा प्रश्न नाही.

सुनंदाकाकू:
प्रशांत, संध्येला पाणी ताजंच भरायचं, शिळं नाही. लिंबाचं म्हणणं बरोबर, पण अर्धंच. हल्ली चकचकीत तांब्यावर लाखेसारखा पारदर्शक लेप असतो. त्यावर लिंबू काही करत नाही. काही महिन्यांत लेप सालीसारखा सुटतो, मधे काळे चट्टे पडतात आणि तेच पाणी पोटात जातं. ओळखायचं असेल तर नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस बुडवून तळाशी चोळा. कापूस चिकट झाला, तर लेप आहे. दुकानदाराला स्पष्ट सांगा, बिनलेपाचा दाखवा. नाहीच मिळाला तर स्टीलच्या पातेल्यात दोन लिटर पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घालून भांडी पंधरा मिनिटं उकळा. लेप सुटून येतो. ॲल्युमिनियमचं पातेलं नको. मग चिंच-मीठ लावून धुवा आणि लगेच कोरडी पुसा. ओली पळी पंचपात्रीत तशीच ठेवली, तर टेकलेल्या जागी हिरवट डाग धरतो. पंचामृत तांब्याच्या भांड्यात कधीच नाही.

अनंत:
आमच्या मुलाला मामाने भरभक्कम चांदीचा संच दिला. तो लॉकरमध्येच आहे. कुठल्याही हॉस्टेलात कोण नेऊ देईल? तांबं तरी जवळ राहतं.

प्रशांत:
पण मान मामाचा असतो ना. निदान पळी तरी चांदीची?

सुनंदाकाकू:
मिलिंदच्या आईचं मन राखायचं तर तो मार्ग चांगला. ताम्हन आणि पंचपात्री तांब्याची, पळी चांदीची, पण घडीव आणि जाड. दांडी आणि वाटीच्या जोडावर बोटाने दाब द्या, तिथेच ती तुटते. बिलावर शुद्धता लिहून घ्या. चांदीवर हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून ज्यावर आहे तीच घ्या. नाव कोरायचंच असेल तर ताम्हनाच्या तळाशी बाहेरून. आत कोरलं की अक्षरांत मळ बसतो आणि घासूनही निघत नाही. आसन दर्भाचं द्या की लोकरीचं, ते तुमच्या गुरुजींना विचारा. आमच्याकडे दोन्ही मतं आहेत.

मिलिंद:
काकू, सगळं टिपून घेतलं. आई चांदीच्या पळीवर तयार झाली. पण ती म्हणते संचाबरोबर सोवळंही मामाकडूनच जावं, आणि दीपाने ते आधीच घेऊन ठेवलं आहे.

विद्या:
सोवळं मुलाच्या आजोळचंच असतं. दीपाला सांगा, तिचं ठेवू दे सोडमुंजीला.

सुनंदाकाकू:
विद्या, सोडमुंजीपर्यंत मुलगा त्या मापाचा राहणार आहे का?