मदत हवी आहे: फुटिंगच्या पंचिंगवरून कॉलमला लोड किती चालेल?

साइटवाला_सुन्या: अर्जंट आहे. कॉलम 230×600, फुटिंग 1.8×2.1 मीटर, डेप्थ 450, एम20. मालकाला अजून एक मजला चढवायचाय. मी हाताने काढलं तर पंचिंगला 2040 किलोन्यूटन येतंय आणि ऑफिसची एक्सेल शीट 1448 म्हणते. बरोबर कुठलं?

काळी_माती: काळ्या मातीत असलं काही करू नका, सरळ पाइल मारा. आमच्या शेतघराचा पाया दोन पावसाळ्यांत हलला.

सुन्या: काका, माती नाही विचारली. पंचिंग विचारलंय.

दुबईकर_इंजिनिअर: पेरिमीटर कितीवर घेतलास? आम्ही युरोकोडने करतो, त्यात 2d पर्यंतच्या आतल्या सगळ्या पेरिमीटर तपासायच्या, शिवाय स्टीलचं प्रमाणही धरायचं. d/2 वगैरे जुनं झालं.

सुन्या: कॉलमच्या फेसपासून d वर घेतला, स्टीलपर्यंतची डेप्थ d 385.

जोशी_आरसीसी: d वर वन-वे शिअर तपासतात रे, फुटिंग आडवी कापली जाते तो. पंचिंगला कॉलमभोवती तिरका सुळका तुटून खाली जातो, म्हणून आयएस 456 मध्ये पेरिमीटर फेसपासून d/2 वर. आणि दुबईकर, पेरिमीटर एका कोडचा आणि स्ट्रेस दुसऱ्याचा असं जमत नाही, घ्यायचा तर कोड अख्खा घ्या.
सुन्या, तुझा पेरिमीटर 2×(615+985) म्हणजे 3200 मिमी. 0.25√fck ने एम20 ला चालणारा स्ट्रेस 1.118 येतो, पण तुझा कॉलम लांबोडका आहे, ks म्हणजे 0.5 अधिक 230/600, 0.88 च मिळतो, त्याने स्ट्रेस गुणायचा. आपल्याकडे भिंतीत लपवायला 230 चे कॉलम घालतात आणि हा ks सगळे विसरतात. क्षमता साधारण 1216. पेरिमीटरच्या आतल्या भागाखालची माती लोड परस्पर उचलते, पंचिंगच्या लोडमधून तेवढं वजा जातं, म्हणून कॉलमचा लोड 1448 पर्यंत चालतो. शीट बरोबर आहे. पण हा फॅक्टर्ड आहे, दीडने भागलास की सर्व्हिस 965.
आता सांग, फुटिंग सपाट आहे की स्लोपची?

सुन्या: स्लोपचीच, सगळे तशीच करतात ना. कडेला 200, कॉलमपाशी 450. पीसीसी वेगळं.

जोशी_आरसीसी: हे आधी सांगायचं होतं! मग 385 फक्त कॉलमपाशी मिळतो. फेसपासून 192 मिमीवर येईपर्यंत वरचा पृष्ठभाग जवळपास 50 ने उतरलेला असतो, म्हणजे कॉलमभोवती 50 ची सपाट पट्टी सोडून स्लोप सुरू होतो असं धरलं तर. तिथे d 335 घे. लोड 1260 फॅक्टर्ड, सर्व्हिस 840. तुमची शीट सपाट फुटिंगची असणार. आणि साइटवर स्लोपचं काँक्रीट थापीने ओढलेलं असतं, कॉम्पॅक्शन यथातथाच, तेव्हा 450 खरंच आहे का तेही खणून बघ.

नाशिक_जॅकेट: आमच्या बिल्डिंगला कॉलम जॅकेटिंग केलं होतं, छान झालं. कॉलम जाड झाला की पेरिमीटरही वाढतो, हेच करा.

जोशी_आरसीसी: वाढतो, पण जॅकेट फुटिंगला नीट अँकर केलं तरच. आणि फुटिंगचं क्षेत्रफळ त्याने वाढत नाही. आधीचा लोड किती सुन्या, आणि एसबीसी, म्हणजे मातीची भार पेलायची क्षमता?

सुन्या: सध्या 620, नवीन मजल्याने 150 वाढेल. म्हणजे 770, तुमच्या 840 च्या आत. झालं ना? एसबीसी 20 टन धरलाय.

जोशी_आरसीसी: झालं नाही. 3.78 चौरस मीटरला 20 टन म्हणजे 200 किलोन्यूटनने 756, त्यातून फुटिंगचं आणि वरच्या मातीचं वजन दहा टक्क्यांच्या आसपास काढलं की कॉलमला 685 उरतात. पंचिंग पास आहे, मातीच फेल आहे. शिवाय तू मोमेंट सांगितलेलाच नाहीस. कोपऱ्याचा किंवा कडेचा कॉलम असेल तर एका बाजूला प्रेशर आणखी वाढेल आणि पंचिंगचंही परत काढावं लागेल.

काळी_माती: मी म्हणत होतो.

दुबईकर_इंजिनिअर: 20 टन कुणी दिले? रिपोर्ट आहे का?

सुन्या: रिपोर्ट नाही, आजूबाजूला सगळे 20 च धरतात. मुरूम आहे खाली.

जोशी_आरसीसी: मुरूम कडक आहे की मऊ त्यावर सगळं आहे. 25 निघाले तर गणित बसेलही, 15 निघाले तर सध्याचेच 620 जास्त आहेत. टेस्ट करून घे, मग बोलू. आणि बाकीच्या कॉलमची फुटिंग्ज पण याच मापाची आहेत का?

सुन्या: मधली मोठी आहेत बहुतेक, ड्रॉइंग शोधतो. मालक स्लॅबची तारीख विचारतोय, त्याला काय सांगू?