चालत्या ठोकळ्यावर मातीचा गोळा चिकटला तर आयाम किती उरतो? दोलनाच्या प्रश्नांसाठी सल्ला हवा

बारावीची_आई
नमस्कार. माझी मुलगी बारावी विज्ञानाला असून सीईटीची तयारी करीत आहे. दोलनाच्या प्रकरणातील एका प्रश्नावर आम्ही दोघी दोन संध्याकाळी अडून बसलो आहोत. गुळगुळीत टेबलावर ०.९ किलोचा ठोकळा आडव्या स्प्रिंगला जोडलेला आहे. स्प्रिंगचा बलस्थिरांक ४० न्यूटन प्रति मीटर आणि आयाम १२ सेंटिमीटर आहे. ठोकळा मध्यस्थितीतून जात असताना ०.७ किलोचा ओल्या मातीचा गोळा सरळ वरून पडून त्याला चिकटतो. नवा दोलनकाल आणि नवा आयाम किती, असा पहिला भाग आहे. दुसऱ्या भागात हाच गोळा ठोकळा टोकाला असताना पडतो, आणि तिसऱ्यात ठोकळ्याऐवजी लंबक आहे. मुलीने ऊर्जेच्या अक्षय्यतेने पहिल्या दोन्ही भागांत आयाम १२ सेंटिमीटर काढला, पण उत्तरसूचीत पहिल्याचे उत्तर ९ दिले आहे. अशा प्रश्नांत आधी कशाचा विचार करावा, हे तिला कसे समजावून सांगू?

सरळ_रेषा
मला उत्तरसूचीच चुकीची वाटते. दोलनकाल T = 2π√(m/k) या सूत्राने ०.९४ सेकंदावरून १.२६ सेकंदांवर जाईल, याबद्दल वाद नाही. परंतु गोळा सरळ खाली पडत असल्यामुळे तो ठोकळ्याला ना पुढे ढकलतो, ना मागे. टेबल गुळगुळीत असल्याने घर्षणही नाही. मग आडव्या गतीची ऊर्जा जाईल कोठे? वस्तुमान वाढले म्हणून वेग कमी होईल, एवढेच. आयाम १२ सेंटिमीटरच राहायला हवा.

खोली_क्रमांक_चार
दोलनकालाचे आपले उत्तर बरोबर आहे, पण आयामाचे नाही. घर्षण टेबल आणि ठोकळा यांच्यात नसले, तरी ठोकळा आणि गोळा यांच्यात असलेच पाहिजे, नाहीतर गोळा ठोकळ्याबरोबर चालू लागलाच नसता. गोळ्याला आडवा वेग मुळीच नव्हता आणि तो ठोकळ्याने फरफटत नेऊन दिला. त्या क्षणभराच्या फरफटीत माती चेपली जाते, किंचित तापते, आणि ऊर्जेचा हिशेब तिथे तुटतो.

म्हणून मुलीला सांगावे की, प्रश्नाचे धक्क्याआधी, धक्क्याच्या क्षणी आणि धक्क्यानंतर असे तीन तुकडे करायचे, आणि ऊर्जा फक्त पहिल्या आणि तिसऱ्या तुकड्यात वापरायची. मधल्या क्षणी संवेग वापरायचा, कारण मध्यस्थितीत स्प्रिंग ताणलेली नसते आणि आडव्या दिशेने बाहेरचे बल शून्य असते.

आता आकडे घेऊ. सुरुवातीची ऊर्जा ½ × ४० × ०.१२², म्हणजे ०.२८८ जूल. मध्यस्थितीत ती सगळी गतिज असल्याने ठोकळ्याचा वेग ०.८ मीटर प्रति सेकंद येतो. संवेगावरून चिकटल्यानंतरचा वेग ०.९ × ०.८ ÷ १.६, म्हणजे ०.४५. उरलेली गतिज ऊर्जा ०.१६२ जूल. ती टोकाला जाईपर्यंत पूर्णपणे स्प्रिंगमध्ये साठते, आणि त्यावरून आयाम बरोबर ९ सेंटिमीटर येतो. हरवलेले ०.१२६ जूल मातीत गेले.

टोकाला मात्र ठोकळा क्षणभर थांबलेला असतो, त्यामुळे गोळ्याला फरफटत न्यावे लागत नाही. सगळी ऊर्जा त्या वेळी स्प्रिंगमध्ये आहे आणि स्प्रिंगला वस्तुमानाची खबरही नाही. त्यामुळे आयाम १२ सेंटिमीटरच राहतो. मुलीचे दुसऱ्या भागाचे उत्तर बरोबर आहे. फक्त मध्यस्थितीतील वेग आता ०.८ ऐवजी ०.६ असेल. दोलनकाल दोन्ही भागांत सारखाच, १.२६ सेकंद.

जुने_घड्याळ
वस्तुमान वाढले की दोलनकाल वाढतो, हे मी घरीच पाहिले आहे. आमचे लंबकाचे घड्याळ रोज थोडे पुढे जात असे, तेव्हा आजोबांनी गोळ्याच्या तळाला एक जड नाणे चिकटवले आणि घड्याळ मंदावले. त्यामुळे तिसऱ्या भागातही १.२६ सारखेच उत्तर यायला हवे ना?

खोली_क्रमांक_चार
आजोबांचा उपाय योग्य होता, पण आपण लावलेले कारण वेगळे आहे. नाणे तळाला लागल्याने लंबकाचा गुरुत्वमध्य खाली सरकला, म्हणजे परिणामी लांबी वाढली आणि घड्याळ मंदावले. लंडनच्या बिग बेनच्या घड्याळात याच्या उलट करतात. तिथे लंबकावर वरच्या बाजूस जुनी पेनी ठेवली की गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि एका पेनीने घड्याळ दिवसाला सुमारे ०.४ सेकंद पुढे जाते. जडपणानेच दोलनकाल वाढत असता, तर तेही मंदावले असते.

प्रश्नातील लंबकात गोळ्याचे केंद्र हलत नाही असे धरले, तर T = 2π√(l/g) मध्ये वस्तुमान कोठेच नाही आणि दोलनकाल तसाच राहतो. मला या प्रश्नातील खरी गंमत आयामात दिसते. लंबकाचा गोळाही ०.९ किलोचा असून तळाशी ०.८ वेगाने जात आहे असे समजा. माती चिकटल्यावर वेग पुन्हा ०.४५ होतो. आधी तो ३.२७ सेंटिमीटर उंच चढत असे, आता १.०३ सेंटिमीटरच चढेल. झोका लहान असेल तर त्याचा आयाम वेगाच्याच प्रमाणात घटतो, म्हणजे मूळच्या ०.५६ पट होतो. स्प्रिंगमध्ये मात्र तो ०.७५ पट राहिला होता. धक्का तोच आणि वेगातील घटही तीच, तरी उत्तरे वेगळी आहेत. स्प्रिंगचे ओढणे वस्तुमानाबरोबर वाढत नाही, म्हणून जड झालेला ठोकळा थांबायला वेळ घेतो आणि त्या वेगाच्या मानाने दूरवर जातो. लंबकाला परत खेचणारे वजनच असल्याने तेही वस्तुमानाबरोबर वाढते आणि ही सवलत मिळत नाही.

बारावीची_आई
मनःपूर्वक आभार. तीन तुकड्यांची रीत तिला पटली. तिने स्वतःच एक मधली जागा घेऊन पाहिली. ठोकळा मध्यस्थितीपासून ६ सेंटिमीटरवर असताना गोळा पडला तर स्प्रिंगमधील ०.०७२ जूल तसेच राहतील आणि ०.२१६ जूल गतिज ऊर्जेपैकी ०.१२१५ उरेल, असा तिचा हिशेब आहे. आयाम सुमारे ९.८ सेंटिमीटर आला. हे बरोबर आहे का? तिथे स्प्रिंग ओढत असताना संवेग वापरता येतो का, अशी शंका तिलाच आली आहे.

खोली_क्रमांक_चार
उत्तर बरोबर आहे आणि शंकाही योग्य आहे. धक्का फार थोडा वेळ टिकतो, त्यामुळे तेवढ्यात स्प्रिंगच्या बलाने दिलेला संवेग नगण्य ठरतो. माती घसरत घसरत हळू चिकटली, तर मात्र हा हिशेब चालणार नाही.

सरळ_रेषा
माझी चूक मान्य आहे. परंतु स्प्रिंग उभी टांगली असेल, तर "टोकाला आयाम तोच" हेही खरे नाही, असे मला वाटते. गोळा जोडल्यावर मध्यस्थिती ०.७ × ९.८ ÷ ४०, म्हणजे सुमारे १७ सेंटिमीटर खाली सरकते. ठोकळा खालच्या टोकाला असताना माती अलगद चिकटवली, तर तो नव्या मध्यस्थितीच्या ५ सेंटिमीटर वर असेल आणि आयाम तेवढाच होईल. वरच्या टोकाला चिकटवली, तर आयाम २९ सेंटिमीटर!

खोली_क्रमांक_चार
या वेळी आपण अचूक आहात. खालचे टोक तर नव्या दोलनाचे वरचे टोक होते. प्रश्नात नुसतेच "टोकाला" लिहिले असेल, तर मी आडवी स्प्रिंग धरीन.

सरळ_रेषा
मी धरणार नाही. "टांगलेली" हा शब्द असूनही आडव्या स्प्रिंगचे उत्तर दिलेले प्रश्न मी सरावसंचांत पाहिले आहेत. अशा वेळी उत्तरसूचीप्रमाणे खूण करावी की भौतिकशास्त्राप्रमाणे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.