उशिराच्या मेलमध्ये गंमत चालते का?

कोथरूडकर: म्युनिकच्या क्लायंटला बिल्ड दोन दिवस उशिरा जाणार. मेलच्या सुरुवातीला "आमचा सर्व्हरही गणपतीच्या मिरवणुकीत नाचत होता" असं लिहिलं, तर बिघडतं कुठे? आपण मेल लिहितो की पंचनामा?

स्वल्पविराम: बिघडतं ते मेल फॉरवर्ड झाल्यावर. ज्या बाईंशी रोज बोलता त्या हसतील. पण त्यांच्या साहेबांनी तुमचा आवाज कधी ऐकलेला नाही. त्यांना एवढंच दिसतं, की दोन दिवस गेले आणि हे लोक नाचतायत. म्हणून विषयाच्या ओळीतच नवी तारीख टाका. पहिल्या वाक्यात काय अडलं ते, दुसऱ्यात ते कोण, कधीपर्यंत दुरुस्त करतंय ते. गणपती शेवटी आणा: "या आठवड्यात पुण्यात गणेशोत्सव आहे. विसर्जनाच्या दिवशी ऑफिस बंद राहील, तातडीचं काम असेल तर या नंबरवर फोन करा." गप्पाही झाल्या आणि क्लायंटच्या उपयोगाचंही कळलं.

घाटावरचा: जर्मनांना विनोद कळतच नाही. काम लिहा, सही करा, विषय संपला.

स्वल्पविराम: कळतो हो! असल्या सरसकट शिक्क्यांनीच संबंध बिघडतात. शुक्रवारच्या मेलखाली 'श्योनेस वोखेनएंडे', म्हणजे 'शनिवार-रविवार छान जावो', असं तेही लिहितात. फक्त पहिलं पाऊल त्यांना टाकू द्या. त्यांनी नुसत्या पहिल्या नावाने सही केली, की तुम्हीही तसं लिहा. तोवर आडनाव, आणि 'डॉ.' असेल तर तेही.

वऱ्हाडी_मैना: माझा क्लायंट ओसाकाचा आहे. जपान्यांना ऋतूंचं कौतुक असतं म्हणे, मग सुरुवातीला पावसाबद्दल लिहू का?

ठाणे_ते_तोक्यो: ऋतूवर्णन कागदी पत्रात शोभतं. रोजच्या मेलला 'इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमासु' हे ठरलेलं वाक्य असतं. त्यांच्या आडनावानंतर आदरार्थी 'सान' लावा, स्वतःच्या नावानंतर कधीच नको. ऑगस्टच्या मध्यात ओबोन या पितरांच्या सणाची सुट्टी असते, त्याआधी दोन शब्द चालतात. तिकडे वादळ होऊन गेलं असेल तर आधी विचारपूस करा, त्या मेलमध्ये गंमत अजिबात नको.

वऱ्हाडी_मैना: पण आमच्या मेल इंग्रजीत असतात! ते वाक्य इंग्रजीत फार कृत्रिम वाटतं.

ठाणे_ते_तोक्यो: तुम्हाला वाटतं, त्यांना नाही. "नेहमीच्या सहकार्याबद्दल आभार" एवढं इंग्रजीत लिहा.

स्वल्पविराम: हे मला पटत नाही. प्रत्येक मेलला तेच वाक्य आलं की कुणी वाचत नाही.

ठाणे_ते_तोक्यो: वाचण्यासाठी ते नसतंच. नसलं की मात्र लगेच जाणवतं.

घाटावरचा: आणि हसरा चेहरा तरी?

ठाणे_ते_तोक्यो: चीनच्या क्लायंटला तो साधा 🙂 नको. तिकडची तरुण मंडळी तो टोमणा म्हणून वाचतात.

कोथरूडकर: बरं, उशिराच्या मेलमधून मिरवणूक काढली. काम वेळेत गेलं की मात्र गंमत टाकणारच.

स्वल्पविराम: जरूर टाका. फक्त "आम्हा भारतीयांचं वेळेचं असंच" हे नको. पुढच्या उशिराला क्लायंटला तेच वाक्य आठवेल.

कोथरूडकर: स्वतःवर हसायचीही बंदी? हे नाही मानणार मी.